लांब पाइपला नोझल किती मिमीचं?

नळी लांब असेल तर मोठ्या तोंडाने जोर वाढत नाही. पाणी वाढतं, पण दाब नळीच्या घर्षणातच जिरतो. तोंड फार बारीक केलं तर धार लांब जाते, पण पाणीच कमी. टाकीचा दाब स्थिर असताना एक तृतीयांश दाब घर्षणात गेला, की धारेची शक्ती सर्वाधिक.

d = D × (D/(2fL))^(1/4)

d म्हणजे नोझलच्या तोंडाचा व्यास, D नळीचा आतला व्यास, L नळीची लांबी, f डार्सीचा घर्षणांक; D आणि L एकाच एककात घ्या. २५ मिमी नळी, ३० मीटर, f ०.०२५ धरलात तर d साधारण ९ मिमी. ८ मिमीला जेमतेम ३ टक्के शक्ती घटते, १२.५ मिमीला मात्र पाव भागाहून जास्त. म्हणून ९ च्या आसपासचंच घ्या.

पडताळणीसाठी नोझलच्या मागे गेज लावा: बंद असताना ३ बार, तर चालू असताना २ दिसायला हवा. पंपावर हे गणित तसंच चालत नाही, कारण प्रवाह वाढला की त्याचा दाबही उतरतो.