आलेखांवरून अभिक्रियेची कोटी कशी ठरवायची?

प्रश्न: संहती, तिचा लॉगॅरिदम आणि व्यस्त, तिन्ही आलेख काढले. दोन सरळच दिसतात. कोटी कोणती?

उत्तर: बहुधा तुमची मोजमापं लवकर थांबली आहेत. सुरुवातीला तिन्ही रेषा सरळच भासतात, म्हणून निम्म्याहून जास्त अभिक्रिया होऊ द्या. ३०० °से.ला NO₂ च्या विघटनात ०, १००, २००, ३०० सेकंदांना संहती ०.०१००, ०.००६४९, ०.००४८१, ०.००३८० मोल/लिटर मिळते. ln दर वेळी ०.४३, ०.३०, ०.२४ ने उतरतो, म्हणजे रेषा वाकते. व्यस्त मात्र १००, १५४, २०८, २६३ असा सारखा चढतो. म्हणून कोटी दोन, चढ ०.५४ हाच k. (संहतीचा आलेख सरळ आला असता तर शून्य, ln चा आला असता तर एक.) डोळ्यांवर विसंबू नका, असे फरक काढा.