तिसऱ्यांदा फोन करणारा चिडलेला ग्राहक: काय बोलायचं, काय टाळायचं

प्रिय मित्रा,

सोमवारपासून तू फ्लोअरवर बसशील. चिडलेल्या ग्राहकाचा धडा वर्गात तोंडी झाला, त्यातली वाक्यं तुला लिहून हवी होती. ती खाली देतो आहे. पण नुसती डोळ्यांनी वाचू नकोस, हेडसेट लावून मोठ्याने म्हण. मनात वाचलेलं वाक्य ऐन कॉलवर तोंडात येत नाही.

बँकेच्या मराठी लाइनवर सगळ्यात जास्त तापलेला कॉल एकाच प्रकारचा असतो: एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे मात्र कापले गेले. म्हणून तोच घेऊ. समज, 3 तारखेला साडेआठ हजार अडकले. ग्राहकाने त्याच संध्याकाळी फोन केला, तेव्हा त्याला "होऊन जाईल" असं सांगितलं गेलं. 7 तारखेला पुन्हा केला, तेव्हा "सात वर्किंग डेज" ऐकून घ्यावं लागलं. आज 11 तारीख आणि कॉल तुझ्याकडे आला आहे.

"अहो, तिसऱ्यांदा फोन करतोय मी! दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. साडेआठ हजार गेले माझे, बँक आहे की धर्मशाळा?"

यात पैशांचा राग अर्धाच आहे. उरलेला राग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागण्याचा आहे. नवीन पोरं इथेच चुकतात आणि विचारतात, "सर, आपली समस्या काय आहे?" मग चौथ्यांदा तेच सांगायची वेळ आलेला माणूस आवाज आणखी चढवतो.

पहिलं मिनिट तू बोलायचं नाहीस. एवढ्या वेळात बहुतेकांचं एका दमाचं बोलणं संपतं. मध्ये "हं", "बरं", "हो" एवढंच येऊ दे, नाहीतर लाइन कटली असं वाटून तो "हॅलो, हॅलो" करायला लागतो. म्यूटवर मात्र जाऊ नकोस, कारण पलीकडची शांतता लगेच कळते. त्या मिनिटात कागदावर चार गोष्टी उतरव: किती रुपये, कोणती तारीख, कुठलं एटीएम, कितवा फोन. तो श्वास घ्यायला थांबला की त्या चारही एका दमात परत सांग:

"3 तारखेला बसस्टँडजवळच्या एटीएममध्ये नोटा आल्या नाहीत, साडेआठ हजार मात्र कापले गेले. आणि हा तुमचा तिसरा फोन आहे. बरोबर ना?"

तो "हो" म्हणेल. त्या कॉलवर तुमच्या दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. वाक्य छोटं दिसतं, पण आकडा किंवा तारीख चुकली तर ते उलटतं. म्हणून कागदावर बघून म्हण. "नोटा मिळाल्या नाहीत असं तुमचं म्हणणं आहे" असं कधीही म्हणू नकोस. "असं तुमचं म्हणणं आहे" यात त्याला "तुम्ही खोटं बोलताय" ऐकू येतं.

माफी एकदाच मागायची आणि ती कशाची हे सांगायचं: "दोनदा सांगूनही काम झालं नाही, याबद्दल बँकेतर्फे माफी मागतो." तुझ्या बॅचमधल्या मुली "मागते" म्हणतील. "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे वाक्य स्टेशनवरच्या घोषणेसारखं वाटतं, ते नको. "शांत व्हा", "काळजी करू नका", "मी समजू शकतो" हीसुद्धा नकोत. पहिलं हुकूम वाटतं, दुसरं फुकटचं वाटतं आणि तिसऱ्यावर ठरलेलं उत्तर येतं: "तुमचे गेलेत का साडेआठ हजार?"

आवाजाचं एक तंत्र आहे. त्याचा आवाज चढला की आपला बारीक आणि घाईचा होतो, तो घाबरल्यासारखा ऐकू जातो. वेग कमी कर आणि वाक्याचा शेवट खाली आण. "बघतो मी" असं खाली टेकवून म्हणून बघ, मग शेवट वर नेऊन म्हण. दुसऱ्यात प्रश्न ऐकू येतो.

यानंतर व्हेरिफिकेशन, आणि बरेच कॉल इथेच पुन्हा पेटतात. आत्ता कुठे तो निवतो आहे आणि तू जन्मतारीख विचारतोस. आधी कारण दे, मग प्रश्न: "खातं तुमचंच आहे याची खात्री करून घेतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमची माहिती जाणार नाही. दोन प्रश्न, अर्धं मिनिट." रागाच्या भरात काही जण कार्डचा अख्खा नंबर, कधी पिनसुद्धा घडाघडा सांगू लागतात. तिथे मात्र मध्येच तोड: "थांबा, पिन सांगू नका. तो बँकेलाही सांगायचा नसतो." कॉल रेकॉर्ड होत असतो हे विसरू नकोस.

होल्डवर टाकायचं तर विचारून टाक आणि वेळ सांग: "नोंद उघडतोय, दोन मिनिटं लागतील. लाइनवर थांबाल का?" दोन सांगितलीस तर दीड मिनिटाला परत ये, काम झालेलं नसलं तरी: "अजून शोधतोय, आणखी एक मिनिट द्या." ज्याला दोनदा टोलवलंय, त्याला होल्डचं संगीत म्हणजे तिसरी टोलवाटोलवी वाटते.

आता उत्तर. ते पाठ नसेल तर वरची सगळी वाक्यं वाया जातील. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे एटीएममध्ये नोटा न येता पैसे कापले गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, रविवार-सुट्टी वजा करायची नाही. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. "सात वर्किंग डेज" हा त्याआधीचा नियम, तक्रार आल्यापासून मोजायचा. जुन्या एजंटांच्या तोंडी तो बसला आहे आणि त्यांचं ऐकून नवे तेच म्हणतात. 7 तारखेला आपल्या ग्राहकाला तेच चुकीचं उत्तर मिळालं. यूपीआयची मुदत वेगळी आहे, ती इथे लावू नकोस.

हिशेब त्याच्यासोबत मोठ्याने कर: "व्यवहार 3 तारखेचा, म्हणजे 8 पर्यंत पैसे यायला हवे होते. आज 11. तीन दिवस उशीर झालाय, त्याचे आजपर्यंत 300 रुपये भरपाईचे होतात." त्याच्या बाजूचा हिशेब बँकेचाच माणूस मांडतो आहे म्हटल्यावर भांडायला उरतं काय?

"पण पैसे कापलेच कसे?" हा प्रश्न हमखास येतो. स्विच, रिकन्सिलिएशन असले शब्द नकोत. "मशीनने विचारलं म्हणून खात्यातून पैसे वजा झाले. नोटा अडकल्या, हा निरोप मात्र बँकेपर्यंत आला नाही." बहुतेकांना एवढं पुरतं.

एक सावधगिरी. हिशेबाचं वाक्य स्क्रीनवर व्यवहार अयशस्वी दिसत असेल तरच म्हणायचं. कधी मशीनचा लॉग दाखवतो की नोटा बाहेर आल्या, आणि तक्रार त्याच कारणाने बंद झालेली असते. हा कॉल सगळ्यात अवघड. तिथे भरपाईचा शब्द देऊ नकोस आणि ग्राहकाला खोटंही पाडू नकोस: "मशीनच्या नोंदीत नोटा बाहेर आल्याचं दिसतंय. तुम्हाला त्या मिळाल्या नाहीत, हे मी लिहून घेतो. तक्रार पुन्हा उघडायची आणि सीसीटीव्ही तपासायची विनंती आत्ताच टाकतो." निकाल काय लागेल ते तुझ्या हातात नाही, विनंती टाकणं आहे.

"मग पैसे कधी येणार ते सांगा!" असं तो म्हणेलच. जीभ आवर. पैसे तू पाठवत नाहीस, तेव्हा त्यांची वेळ तुला सांगता येत नाही. तुझ्या अखत्यारीत आहे ते सांग: "जमा कधी होतील, हा शब्द मी देऊ शकत नाही. उद्या संध्याकाळी 5 पर्यंत तुम्हाला फोन येईल, हा देतो." आणि हे वाक्य म्हणायच्या आधी सिस्टीममध्ये कॉलबॅक लाव. तोंडी कबूल केलेला आणि सिस्टीममध्ये न लावलेला कॉलबॅक म्हणजे चौथा फोन, आणि तो तुझ्या शेजारच्याला येणार.

वरिष्ठ मागितले तर "मी मदत करू का?" एकदाच विचार, दुसऱ्यांदा अडवू नकोस. "जोडून देतो. आधी त्यांना सगळं सांगतो, म्हणजे तुम्हाला पुन्हा सांगावं लागणार नाही." आणि खरंच सांग, नुसतं ट्रान्सफरचं बटण दाबू नकोस. "रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन" म्हणाला तर तेही धमकी समजू नकोस: "तो तुमचा हक्क आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर तिकडे जाता येतं." पत्ता विचारला तर cms.rbi.org.in सांग.

शिव्यांचं वेगळं. "बँक भिकारडी आहे" ही शिवी नाही, तो राग आहे, तो ऐकून घ्यायचा. आई-बहिणीवर आला तर: "मला तुमचं काम करायचंय. या भाषेत मात्र बोलता येणार नाही." पुन्हा झालं तर दुसरी ताकीद, आणि तिसऱ्यांदा तुमच्या प्रोसेसच्या नियमाप्रमाणे कॉल बंद. आवाज चढवायचा नाही आणि न सांगता कापायचा तर मुळीच नाही. क्वालिटीवाले रेकॉर्डिंग ऐकतील तेव्हा दोन्ही ताकिदी त्यांना स्पष्ट ऐकू यायला हव्यात.

कॉल संपला की एएचटीच्या, म्हणजे एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेच्या धास्तीने नुसतं "ग्राहक चिडलेला, समजावले" लिहून पुढचा कॉल घेऊ नकोस. पुढच्या एजंटला त्यातून काहीच कळत नाही. असं लिही: "एटीएम, 3 तारीख, 8,500, नोटा नाहीत. तिसरा फोन. मुदत 8 ला संपली. आजपर्यंत भरपाई 300 सांगितली. 7 ला चुकीची मुदत सांगितली होती. कॉलबॅक 12 तारीख, 5 च्या आत." लिहायला अर्धं मिनिट लागतं. उद्या फोन करणाऱ्याने ही नोंद वाचली की त्याचं पहिलं वाक्य तयार असतं: "साडेआठ हजारांच्या तक्रारीबद्दल बोलतोय, तुम्हाला पुन्हा काही सांगायला नको."

तुझा,
ट्रेनिंग रूममधला सर