नाव, जीभ आणि वळचणीतला ‘ळ’

प्रिय मित्रा,

तुमच्या नव्या बँडसाठी सुचलेल्या सात नावांची यादी मिळाली, लोगोही मिळाला. यादीत चौघांच्या चार शायांच्या फुल्या दिसल्या, त्यावरून तालमीच्या खोलीत किती खडाजंगी झाली असेल त्याचा अंदाज आला. होऊ दे. नावावरून भांडायचं तर ते पहिल्या कार्यक्रमाच्या आधीच भांडून घ्यावं.

मी आता ड्रम वाजवत नाही, टी-शर्ट छापतो. तेव्हा मी सांगेन ते निम्मं जुन्या वादकाचं आणि निम्मं स्क्रीन प्रिंटिंगवाल्याचं, असं धरून चाल.

तुम्हाला सगळ्यांना नाव ‘अर्थपूर्ण’ हवंय, हे यादीवरून कळतं. रोलिंग स्टोन्सचं नाव कसं पडलं ते बघ. १९६२ साली लंडनमध्ये त्यांचा गिटारवाला ब्रायन जोन्स एका जॅझच्या साप्ताहिकाला कार्यक्रमाची खबर द्यायला फोन करतो. पलीकडून विचारतात, बँडचं नाव काय? नाव ठरलेलंच नसतं. समोर जमिनीवर शिकागोच्या ब्लूज गायक मडी वॉटर्सची रेकॉर्ड पडलेली असते, तिच्यावरचं एका गाण्याचं नाव तो सांगून टाकतो. त्या जुलैत मार्की क्लबमध्ये ते पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले तेव्हा नाव होतं ‘द रोलिन स्टोन्स’. पुढच्या वर्षी मॅनेजर झालेल्या अँड्र्यू ओल्डहॅमने त्याला शेवटचा ‘ग’ जोडला. म्हणजे नाव घाईत पडलं. पण उगाच पडलं नाही. ज्या शिकागोच्या ब्लूजवर त्या पोरांचा जीव होता, तो ब्लूजच त्या क्षणी जमिनीवर पडलेला होता. तुमच्या यादीतलं कुठलं नाव असं तुमच्याच खोलीच्या जमिनीवर पडलेलं आहे? मला विचारशील तर फक्त पाचवं, ‘वळचण’. पत्र्याच्या शेडखाली, पावसात गळणाऱ्या कडेला तुम्ही तालीम करता हे मी पाहिलंय. बाकीची सहा नावं पोस्टर बघून सुचलेली वाटतात.

लोगोची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण तुझं चुकलंय ते तिथेच.

१९७० मध्ये स्टोन्सना युरोप दौऱ्यासाठी पोस्टर हवं होतं. त्यांच्या ऑफिसने रॉयल कॉलेज ऑफ आर्टकडे विचारणा केली आणि तिथे शिकणाऱ्या जॉन पॅशचं नाव पुढे आलं. पोस्टर झालं. मग बँडने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढायची ठरवली आणि तिच्यासाठी चिन्ह हवं म्हणून गायक मिक जॅगरने त्यालाच पुन्हा बोलावलं. जॅगरला कोपऱ्यावरच्या दुकानात कालीमातेचं एक छापील चित्र दिसलं होतं, ते त्याने पॅशला दाखवलं. आपल्याकडे कॅलेंडरवर असतं तसं चित्र डोळ्यांसमोर आण: मुंडमाळ, अनेक हात, हातात खड्ग, पायाखाली शंकर, आणि बाहेर आलेली लाल जीभ. पॅशने यातलं किती घेतलं? फक्त ओठ आणि जीभ. काली गेली आणि वाकुल्या दाखवणारं पोर उरलं. त्याला नेमकं तेच हवं होतं: मोठ्यांना जीभ दाखवणं, आणि जोडीला जॅगरचं ते प्रसिद्ध तोंड.

या कामाचे त्याला ५० पौंड मिळाले. दोन वर्षांनी खूश होऊन बँडने आणखी २०० दिले. त्याचं मूळ कृष्णधवल चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ९२,५०० डॉलरला विकत घेतलं. १९७१ च्या ज्या अल्बमबरोबर ही जीभ पहिल्यांदा लोकांपुढे आली, त्याच्या कव्हरची कल्पना अँडी वॉरहॉलची होती. म्हणून जीभही वॉरहॉलचीच, असं अजूनही पुष्कळ जण ठोकून देतात. तुझ्या लोगोखाली चित्रकाराचं नाव कुठेतरी लिहून ठेव, एवढंच त्यावरून सुचवतो.

आता छपाईवाल्याच्या नजरेने बघ. त्या जिभेत एकही अक्षर नाही. लाल, काळा, पांढरा यांवर काम भागतं, आणि नुसत्या काळ्यातही ती जीभच राहते. रेघा जाड आहेत. त्यामुळे ती बिल्ल्यावर बसते आणि स्टेडियमच्या पडद्यावरही बसते. शिवाय तिला मोडता येतं. १९९४ च्या अल्बमला तिच्यावर काटे उगवले, २०२३ मध्ये ती काचेच्या तुकड्यांची झाली, आणि तरी दोन्ही वेळा लोकांनी ती लांबून ओळखली. लोगो पक्का आहे का, हे असंच कळतं: त्याची मोडतोड केली तरी तो तोच राहतो.

तू पाठवलेल्या चित्रात काटेरी मुळ्या आहेत, त्यात कवटी, कवटीच्या डोळ्यांत डोंगर, मागे जांभळ्यापासून केशरीपर्यंत विरघळत जाणारा रंग, आणि या सगळ्याच्या पोटात कुठेतरी नाव. हात चांगला आहे, यात वाद नाही. पण असंच एक काम माझ्याकडे काही वर्षांपूर्वी आलं होतं. मुळ्यांच्या रेघा केसासारख्या बारीक. चित्र स्क्रीनवर उतरवताना निम्म्या आल्याच नाहीत, आणि ज्या आल्या त्या सुती कापडावर शाई पसरून एकमेकींना चिकटल्या. शर्टाच्या छातीवर काळं शेवाळ चढल्यासारखं दिसत होतं. एक रंग म्हणजे एक स्क्रीन, विरघळणारा रंग म्हणजे ठिपक्यांची जाळी, आणि जाळीला हात बसलेला कारागीर लागतो. खर्च वाढला तो त्या पोरांच्या खिशातून, आणि ‘जमेल’ म्हणालो होतो मी. चूक माझीच. आता मी आधी एक परीक्षा घेतो. लोगो फक्त काळ्या रंगात, दोन सेंटीमीटर रुंद छापायचा, भिंतीला चिकटवायचा आणि चार पावलं मागे जायचं. जे दिसत नाही ते त्यात नाहीच, असं समजायचं. मोबाइलवरच्या त्या गोल चकतीत यापेक्षाही कमी जागा मिळते.

तू म्हणशील, मेटल बँडांचे लोगो मुद्दामच वाचता येत नाहीत. खरंय. तिथे न वाचता येणं हाच निरोप असतो: ज्याला कळायचं त्याला कळेल. पण तुमच्याकडे पेटी आहे आणि एक जण अभंगाच्या चालीवर गातो. काटे कुणासाठी?

सगळं काही एका चित्रात भरावं असं वाटतं, त्याचंही एक चांगलं उदाहरण आहे आणि त्याचा एक धागा आपल्या पाचगणीपर्यंत येतो. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, पुढे लंडनच्या ईलिंगमध्ये ग्राफिक आर्ट शिकला. ‘क्वीन’ हे नाव त्याचंच, १९७० चं, आणि राजचिन्हासारखं ते बोधचिन्हही त्यानेच काढलं. त्यात दोन सिंह आहेत, कारण टेलर आणि डीकन दोघे सिंह राशीचे. ब्रायन मे कर्केचा म्हणून खेकडा. मर्क्युरी स्वतः कन्येचा, म्हणून दोन पऱ्या. मध्ये क्यू, त्यात मुकुट, वर फिनिक्स पक्षी. हे चित्र जमलं, कारण तोपर्यंत चौघे पक्के झाले होते. १९७१ मध्ये डीकन येईपर्यंत त्यांचे तीन बेसवादक येऊन गेले होते. तेव्हाच राशी काढल्या असत्या तर दर काही महिन्यांनी प्राणिसंग्रहालय बदलावं लागलं असतं. तुमचा कीबोर्डवाला पुढच्या वर्षी नोकरीसाठी बंगळुरूला जायचं म्हणतोय. तेव्हा चित्रात चार चेहरे घालू नकोस.

मर्क्युरी गेल्यानंतर मे आणि टेलर नव्या गायकाबरोबर उभे राहिले तेव्हा त्यांनी नावाला अधिकचं चिन्ह जोडलं: क्वीन, अधिक, गायकाचं नाव. मला तो उपाय फार आवडतो. जुनं नाव टिकलं, आणि नव्या माणसाला जुन्याच्या कपड्यांत कोंबलं नाही.

नाव कुणाचं, हे आजच कागदावर लिहा. सॅक्सन या ब्रिटिश मेटल बँडमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९९ मध्ये ते नाव ट्रेडमार्क म्हणून स्वतःकडे नोंदवायचा प्रयत्न केला. गायक बिफ बायफर्ड कोर्टात गेला. २००३ मध्ये निकाल लागला की बँड ही भागीदारी आहे, नावाची पत भागीदारीची, ती कुणा एका सभासदाची नाही. निकाल न्याय्यच, पण तो मिळवायला वकील लागले. तुम्हाला एक पान पुरेल: कोण सोडून गेला तर नाव कुणाकडे राहील, बँड मोडला तर ते कुणीच वापरायचं नाही की कसं, आणि लोगो काढणाऱ्याने त्याचे हक्क बँडला दिलेत का. चौघांच्या सह्या, तारीख.

त्याआधी शोध घ्या. ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा शोध फुकट घेता येतो. कार्यक्रमांसाठी ४१ वा वर्ग, टी-शर्टसाठी २५ वा. एकट्याच्या नावाने ऑनलाइन नोंदणी करायची तर दर वर्गाला ४,५०० रुपये. घाई नाही, आधी दहा कार्यक्रम होऊ देत. पण गाण्यांच्या ॲपवर मात्र आजच बघा. तुमच्या यादीतलं पहिलं नाव म्हणजे एक साधा इंग्रजी शब्द आहे, आणि त्या नावाचे बँड जगभर पसरलेत. तुमचं गाणं चढवलं की ते कुणा परक्याच्या पानावर जाऊन बसेल आणि त्याचे श्रोते तुम्हाला शिव्या देतील.

‘वळचण’ला एक खोट आहे. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. Valchan लिहिलं तर पुण्याबाहेरचा निवेदक ‘वालचन’ म्हणणार, Walchan लिहिलं तर सांगलीचं कॉलेज आठवणार. Valachan मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. कुठलं ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर शोधणाऱ्याला तुम्ही तीन वेगवेगळे बँड वाटाल.

आणि जो ‘ळ’ रोमनमध्ये अडतो तोच लोगोत कामाला येईल असं मला वाटतं. मी रात्री जाड ब्रशने तो नुसता काढून पाहिला. शेजारी शेजारी दोन वाटोळी, वर शिरोरेघ. शिरोरेघ थोडी तिरकी करून डावीकडे लांबवली की पत्र्याचं छप्पर होतं आणि वाटोळी त्याच्या आडोशाला बसतात. एकच रंग, एकच स्क्रीन. शिरोरेघेच्या टोकाला पाण्याचा थेंब द्यायचा मोह झाला होता, पण दोन सेंटीमीटरला तो शाईचा डाग दिसतो, म्हणून खोडला.

कागद दुकानात टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. रविवारी अकरानंतर या, चौघेही या. एक जुनी स्क्रीन रिकामी आहे, तिच्यावर हा ‘ळ’ उतरवून रद्दी कापडावर दोन-चार छाप मारून बघू. शर्ट तेव्हा आणू नका.

तुझा,
काका