बाजार समजावणारं पुस्तक

सांगलीत कॉमर्स शिकतोय. बाजार नक्की कसा चालतो, भाव कसा ठरतो हे समजावणारं पुस्तक सुचवा.

जॉन मॅकमिलन यांचं ‘रीइन्व्हेंटिंग द बझार’ (2002) घ्या. इंग्रजीत आहे, पण गणिताला घाबरू नका. त्यात हॉलंडमधला आल्समीरचा फुलबाजार येतो. तिथे घड्याळावर भाव वरून खाली उतरतो आणि पहिला बटण दाबेल त्याचा माल. थांबलात तर स्वस्त, पण माल हातचा जाण्याची भीती.

मग एकदा आपल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघा. इथे बोली वर चढते, म्हणजे शेजारचा व्यापारी कुठवर जातोय ते दिसतं. बोलीआधी कोणी हळकुंड मोडून आतला रंग बघतो का, तेही पाहा. प्रतीची खात्री नसेल तर व्यापारी हात राखूनच बोलतो आणि चांगल्या मालालाही कमी भाव मिळतो. पाठ्यपुस्तकातल्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखात हे सापडत नाही.