अस्तर आधी भिजवा, पार्टनरचं मग बघा

प्रश्न: माझे वडील टेलर आहेत. त्यांच्याच दुकानात मला लेडीज बुटीक सुरू करायचंय. जाहिरातीला किती पैसे ठेवावेत, आणि पैसे लावणारा पार्टनर घ्यावा का?

पैसे लावणारा अजिबात घेऊ नका.

मीही टेलरचीच पोरगी. सांगलीत आबांचं जेंट्स टेलरिंगचं दुकान होतं, ते रेडीमेडने बसलं. त्याच मशीनवर मी ब्लाउज शिवायला घेतले, तेव्हा दादाने एक पार्टनर शोधून आणला. काचेचं शोरूम, एसी, निम्मा वाटा. मी नाही म्हटलं. ‘मग बस जन्मभर हुक लावत,’ म्हणाला. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून जरा लांब लिहितेय.

दुसऱ्या वर्षी एका घरातल्या सात जणींचे कॉटन खणाचे ब्लाउज आले, डोहाळजेवणासाठी. घाई होती. मदतीच्या मुलीने अस्तर न भिजवताच कापलं आणि माझं लक्ष नव्हतं. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज जातात. शिवून दिले तेव्हा सातही चोख बसले होते. महिन्याभराने त्या घरातल्या थोरल्या काकू पिशवी घेऊन दारात. ब्लाउज उलटा केला तर अस्तर आत ओढलेलं, आणि वरचा खण मुंढ्यापाशी नि टक्सवर फुगून उभा. हात वर केला की काखेत काचायचं.

दादा म्हणाला, धुण्यात गेलंय, आपला काय दोष? मी सातही उसवले. नवं अस्तर रात्रभर भिजवलं, सावलीत वाळवलं, इस्त्री केली आणि मग कात्री लावली. आबा दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडायचे, तीच सवय मला लागलेली, म्हणून निभावलं. माया नसती तर जुन्या टाक्यांच्या भोकांवरच परत टीप मारावी लागली असती, आणि तिथे कापड पहिल्याच ताणाला विरतं. चार रात्री गेल्या. पैसे घेतले नाहीत.

आबांच्या मापाच्या वहीत मी ‘कोणाकडून’ असा एक रकाना वाढवला होता. पुढच्या लग्नसराईत तिथे त्या काकूंचं नाव इतक्यांदा आलं की मी नुसतं ‘खणवाल्या’ लिहायला लागले. गंमत म्हणजे त्या माझ्या शिलाईचं कौतुक करतच नव्हत्या. ‘बिघडलं तर उसवून देते, तोंड वाकडं करत नाही,’ एवढंच सांगायच्या.

पार्टनर म्हणाल तर माझे तीन आहेत, कागदावर एकही नाही. मॅचिंग सेंटरवाले काका अस्तराचा ताका महिन्याच्या उधारीवर देतात आणि ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बाईला माझं नाव सांगतात. कमिशन नाही, पण अस्तर मी दुसरीकडून आणत नाही. एका साडीच्या दुकानाचं फॉल-पिको मी दोन दिवसांत देते, भर सीझनमध्येसुद्धा.

तिसरी आरी वर्क करणारी ताई, तिला मात्र जपावं लागतं. कापड कापायच्या आधीच मी त्यावर गळा, बाही, मुंढा खडूने आखून देते. फ्रेमवर ताणून भरल्यावर कापड थोडं गोळा होतं, म्हणून भरून आल्यावर पुन्हा मापून मगच कापते. शिलाईच्या रेघेपासून अर्धा इंच तिने मणी लावायचे नाहीत, हे ठरलेलं. सुरुवातीला ठरवलं नव्हतं, तेव्हा मणी फोडत बसायचे आणि तरी सुया तुटायच्या. निम्मे पैसे कापड देतानाच द्यायचे, गिऱ्हाईक मला कधीही देवो. बाकीचे तिला लटकवतात, म्हणून लग्नसराईत ती माझं काम आधी घेते. काचेच्या शोरूममध्ये निम्मा वाटा घेऊन बसलेल्याने हे केलं असतं का?

जाहिरातीचं म्हणाल तर मी एकदाच पत्रकं वाटली. आल्या त्या ‘शिलाई किती’ विचारून गेल्या. म्हणून माझं उत्तर शून्य.

आता हेही सांगते, दुकान आमच्या मालकीचं, भाडं नाही. तुमचंही वडिलांच्या मालकीचं असेल तर ठीक. भाड्याचं असेल तर माझा हिशोब तुम्हाला लागू नाही. कारण ब्लाउज एकदा धुतला जातो, दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात घातला जातो, तिथे कुणी विचारतं, आणि मग ती बाई येते. यात वर्ष सहज जातं, तेवढं भाडं खिशातून भरता आलं पाहिजे.

दादाच्या पोरीचं लग्न मार्गशीर्षात आहे. अकरा ब्लाउज माझ्याकडेच आलेत. वहिनी आल्या होत्या, तो गाडीतच बसून राहिला.