नळीला येते, मग मला का नाही?

“ताई, सकाळी ह्यांना लघवीची नळी घालताना आपोआप ताठरता येते. मी रोज बघते. पण रात्री मी जवळ गेले की काहीच नाही. अपघाताला दोन वर्षं झाली. आता वाटायला लागलंय की शरीर ठीक आहे, ह्यांना मीच नकोशी झालेय.”

वैशाली हे बोलली तेव्हा सुनील शेजारीच व्हीलचेअरवर बसला होता. त्याने मान वर केली नाही. (दोघांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ३३, रात्री मोटरसायकल घसरली आणि पाठीचा चौथा मणका मोडला. फाइलवर ‘डी फोर, कम्प्लीट’ असं लिहिलेलं. स्तनाग्रांच्या रेषेखाली त्याला काहीच कळत नाही, चिमटा नाही, गरम-गार नाही.

मी त्याला विचारलं, “नळी घालताना येते ते तुम्हाला कळतं का?”

“बघितलं तरच कळतं,” तो म्हणाला. “आणि खरं सांगू का, त्या वेळी लाज वाटते. हिला वाटतं मला काहीतरी सुचतंय. मला काही सुचत नसतं.”

हे त्याचं वाक्य महत्त्वाचं होतं. ताठरतेला मज्जारज्जूत दोन वाटा असतात. पहिली मनाची: बघणं, आठवण, बायकोचा आवाज. हा निरोप मेंदूतून निघतो, मज्जारज्जूतून खाली येतो आणि छातीच्या अगदी खालच्या व कमरेच्या वरच्या पातळीवरून बाहेर पडतो. दुसरी स्पर्शाची: लिंगाला हात लागला, कपडा घासला, नळी सरकली की ती खबर मज्जारज्जूच्या शेपटाकडच्या टोकाला पोचते आणि तिथूनच उलट फिरते. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसंच. मेंदूला कोणी विचारत नाही आणि सुनीलच्या बाबतीत नंतर कळवतही नाही.

त्याची दोरी छातीपाशी तुटली आहे. मनाची वाट तिथेच अडते. खालचं टोक मात्र शाबूत आहे, म्हणून स्पर्शाची वाट चालते. सकाळी नळीने ती चालायची. रात्री मात्र दोघं अपघाताआधी जसं करत होते तसंच करत होते: दिवा बंद, जवळ पडून राहायचं आणि आपोआप होण्याची वाट पाहायची. त्याच्या मनात इच्छा होती, फक्त तिचा निरोप छातीखाली उतरत नव्हता.

दुखापत अगदी खाली, माकडहाडाच्या वरच्या भागातल्या नसांना झाली असती तर उलटं झालं असतं. नळीने काही झालं नसतं, आणि मनाने थोडंफार झालं असतं. म्हणून ‘मणक्याला मार लागला’ एवढ्यावरून काही ठरत नाही, पातळी कोणती ते बघावं लागतं. खालचं टोक चालू आहे का, हे डॉक्टर साध्या तपासणीत बघतात. गुदद्वारात बोट ठेवून लिंगाचं टोक हलकेच दाबतात. बोटाभोवतीचा स्नायू आवळला की ती स्पर्शाची वाट शाबूत. सुनीलचा स्नायू आवळला होता, फाइलमध्ये तशी नोंदही होती. त्या नोंदीचा अर्थ दोन वर्षांत त्या दोघांना कोणी सांगितला नव्हता. याचा मला आजही राग येतो.

मी त्यांना पहिलं सांगितलं ते असं: आधी नळीने मूत्राशय रिकामं करा, शौचाचं उरकून घ्या, अंगाखाली जाड टॉवेल घाला. मग वैशालीने हाताने थेट स्पर्श करायचा, अंधारात नाही, म्हणजे सुनीलला दिसेल. त्याला आता तिथलं कळणार ते डोळ्यांनीच. आणि संवेदना संपते त्या रेषेच्या लगेच वर, छातीभोवती, काहींना पट्ट्यासारखी जागा फार हळवी झालेली असते. मान आणि कानही तसेच. ते शोधायचं.

पंधरा दिवसांनी आले. ताठरता दोन-तीन मिनिटांत यायची, पण वैशालीने हात काढला किंवा बसण्याची जागा बदलली की उतरायची. नुसत्या स्पर्शाच्या ताठरतेचा हा नेहमीचा दोष आहे, ती स्पर्श असेपर्यंतच टिकते.

गोळीचं काम इथे सुरू होतं. सिल्डेनाफिल ताठरता निर्माण करत नाही, आलेली टिकवते. स्पर्शाची वाट चालू असलेल्यांना तिचा चांगला उपयोग होतो. पण सुनीलचा रक्तदाब मुळात ९६/६० च्या आसपास. मज्जारज्जूच्या वरच्या भागातल्या दुखापतीत तो असाच कमी राहतो, आणि ही गोळी तो आणखी उतरवते. त्यामुळे युरोसर्जननी २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, पहिली गोळी दुपारी घरी, पडून राहून, रक्तदाब मोजत. चक्कर आली नाही. नंतर ५० केली.

पहिल्या दोन गोळ्या तरीही फुकट गेल्या. एकदा मावसभावाकडे मटणाचं जेवण करून घेतली. तेलकट जेवणावर ती उशिरा लागू पडते. दुसऱ्यांदा गोळी घेऊन दोघं तासभर टीव्ही बघत बसले, कारण ‘गोळी घेतलीय, होईल आपोआप.’ स्पर्शाशिवाय गोळी काहीच करत नाही. तिसऱ्यांदा जमलं.

चौथ्यांदा मात्र वैशालीचा फोन आला. सुनीलचं डोकं घणासारखं ठणकत होतं, चेहऱ्यावर घाम, अंगावर काटा. त्याला वाटलं गोळीचं डोकं दुखतंय. गोळीने खरंच डोकं दुखतं, पण मंद, आणि रक्तदाब उतरलेला असतो. मी आधी मोजायला सांगितलं. १५२/९४ आला. ज्याचा नेहमीचा ९६, त्याच्यासाठी हे फार.

दुखापत पाठीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असली की हा धोका असतोच. खालच्या अंगात काही टोचलं, ताणलं, मूत्राशय भरलं की त्या अंगाच्या नसा रक्तवाहिन्या आवळतात, आणि मेंदूचा ‘थांब’ हा निरोप खाली पोचत नाही. संभोग, वीर्यस्खलन, कंपन, सगळ्यांनी हे होऊ शकतं. करायचं काय ते त्या दोघांनी फ्रिजवर लिहून ठेवलं आहे: थांबायचं, ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, घट्ट कपडे सैल करायचे, नळी लावून मूत्राशय बघायचं. त्या रात्री मूत्राशय भरलेलं निघालं. गडबडीत नळी घालायची राहिली होती. दहा मिनिटांत रक्तदाब उतरला.

उतरला नसता तर दवाखाना, आणि तिथे दाराशीच सांगायचं: गोळी घेतली आहे. कारण वाढलेला रक्तदाब उतरवायला नायट्रेट दिलं जाऊ शकतं, अगदी जिभेखालची सॉर्बिट्रेटसुद्धा. सिल्डेनाफिल घेतल्यापासून निदान २४ तास आणि त्याच जातीची दुसरी गोळी टॅडालाफिल घेतल्यापासून ४८ तास ते चालत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. टॅडालाफिलचा असर ३६ तासांपर्यंत राहतो म्हणून ती अनेकांना सोयीची वाटते. सुनीलसारख्याला मी ती स्वतःहून सुचवत नाही, ती याच कारणासाठी.

याच सुमारास माझ्याकडे मल्टिपल स्क्लेरोसिस असलेले एक शिक्षक येत होते, वय ४६. त्यांचं दुखणं वेगळं: कधी जमतं, कधी नाही, पहाटे कधी कधी ताठरता असते. म्हणून कोणीतरी त्यांना ‘हे मानसिक आहे’ असं सांगून टाकलं होतं. मज्जारज्जू तुटलेला नसतो तेव्हा असंच होतं. जागोजागी नसांवरचं आवरण झिजलेलं असतं, निरोप कधी पोचतो, कधी वाटेत विरतो. पहाटेची ताठरता दिसली म्हणून नसा ठणठणीत आहेत असं यात ठरत नाही. त्यांना लघवीची घाईही होती, पाय आखडत होते. या गोष्टी सहसा एकत्रच येतात, कारण मूत्राशयाच्या नसाही त्याच टोकाच्या.

त्यांच्याबाबत आम्ही आधी वेळ बदलली. संध्याकाळी थकवा आणि उकाडा, दोन्हींनी त्यांची लक्षणं वाढायची. सकाळ बरी होती. नैराश्यासाठीची नवी गोळी सुरू झाल्यावर त्रास वाढला होता, ती त्यांनी स्वतः बंद न करता मेंदूविकारतज्ज्ञांकडून बदलून घेतली. सिल्डेनाफिलने थोडाच फरक पडला.

मग इंजेक्शन. लिंगाच्या बाजूला, बारीक सुईने, घरीच. अंगावर काटा येतो ऐकून, पण याला नसांची गरज लागत नाही, औषध थेट रक्तवाहिन्या सैल करतं. (१९८३ साली लास व्हेगसच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली हे ब्रिटिश शास्त्रज्ञ स्वतःला असं इंजेक्शन घेऊन आले आणि भर सभेत परिणाम दाखवला. तिथून हा उपचार लोकांसमोर आला.) नसांच्या आजारात रक्तवाहिन्या चांगल्या असतात, त्यामुळे नेहमीचा डोस भारी पडतो. पहिला अगदी थोडा, तोही दवाखान्यातच. चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही तर थेट आपत्कालीन विभाग, ‘सकाळी बघू’ नाही. या शिक्षकांचा हात थरथरतो, म्हणून सुई त्यांच्या पत्नी देतात.

सुनीलने इंजेक्शन नाकारलं, पंप मागितला. पंपाने हवा काढून रक्त खेचायचं आणि मुळाशी रबरी रिंग चढवायची. रिंग ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही. ज्याला दुखतं तो स्वतःच काढतो, सुनीलला दुखणार नाही. म्हणून मोबाइलवर २५ मिनिटांचा गजर, आणि रिंग काढली हे वैशालीने डोळ्यांनी बघायचं. लिंगाच्या आत बसवायच्या दांड्यांबद्दलही त्याने विचारलं होतं. ती शस्त्रक्रिया आम्ही शेवटी ठेवतो. बधिर मांसात दांडी आतून टोचत राहिली तरी कळत नाही, एक दिवस ती कातडीतून बाहेर दिसते.

मागच्या महिन्यात दोघं आले ते मुलाचं विचारायला. संभोग होतो, पण वीर्य येत नाही. त्याला वेगळा, कंपन देणाऱ्या यंत्राचा उपाय आहे, शाबूत खालच्या टोकावर तो चालू शकतो. सुनीलच्या पातळीला पहिल्यांदा मात्र दवाखान्यातच, रक्तदाबाचा पट्टा बांधून. वैशालीने तारीख घेतली. निघताना तिने सुनीलच्या पिशवीतली नळी आहे ना ते बघितलं आणि मला म्हणाली, “आता सकाळी मी तोंड फिरवत नाही हो. चालू आहे म्हणायचं आणि नळी घालायची.”