साठीच्या फोटोंवर चार शब्द

ताई, रविवारी आईला साठ वर्षं पूर्ण होतात. भावाने पंचवीस फोटोंचा दोन मिनिटांचा व्हिडिओ केलाय, त्यावर बोलायचं काम माझ्याकडे आहे. बाबा लवकर गेले, आईने ब्लाउज शिवून घर चालवलं. माझ्या फ्रॉकची दुमडसुद्धा ती दरवर्षी उसवून वाढवायची. सगळं लिहिलं तर चार पानं झाली, वाचताना भाषण वाटतं आणि मध्येच रडू फुटतं. काय ठेवू?

फ्रॉकची दुमड ठेव. बाकी चारही पानं नीट जपून ठेव आणि रविवारी रात्री आईच्या हातात दे. ती तिने एकटीने वाचायची आहेत.

सावकाश वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे तुझ्या व्हिडिओत दोनशे मावतील, पण तेवढे बोललीस तर फोटो कुणी बघणार नाही. निम्म्याहून कमी बोल. फोटोत जे दिसतंय ते सांगू नकोस, जे दिसत नाही ते सांग. ‘त्याग’, ‘कष्ट’, ‘माउली’ हे शब्द काढून टाक, दुमड ते काम करते. तुझ्याच पत्रातून मी हे जुळवलंय, तुझ्या आठवणीप्रमाणे बदलून घे:

“आई, या फोटोंत तू फार कमी दिसतेस. आम्ही नवे कपडे घालून उभे, आणि तू आत स्वयंपाकघरात. कपडे मात्र सगळे तुझ्या हातचे. माझ्या फ्रॉकला तू खाली चार बोटं दुमड ठेवायचीस आणि दरवर्षी थोडी उसवायचीस. जुन्या शिलाईची रेघ दिसायची, मला तिची लाज वाटायची. आज कळतं, मी किती वाढणार ते तू आधीच धरून ठेवलं होतंस. साठीच्या खूप खूप शुभेच्छा, आई. आता मशीन बंद कर आणि आमच्यात येऊन बस.”

याला पाऊण मिनिट लागेल. सुरुवातीचे तीन-चार फोटो नुसते जाऊ देत, मग बोलायला लाग. फ्रॉकचा फोटो असेल तर भावाला तो पाचऐवजी दहा सेकंद ठेवायला सांग, आणि दुमडीचं वाक्य त्यावरच येऊ दे. मागे गाणं नको, शब्दांवर शब्द चढतात. नुसती बासरी किंवा सतार, तीही अगदी हळू.

रडू येणार, बाळा. कुठल्या वाक्याला येतं ते दोनदा वाचून बघ. मला वाटतं, “धरून ठेवलं होतंस”पाशी येईल. तिथे थांब, श्वास घे, तो थांबा व्हिडिओत तसाच राहू दे. शुभेच्छांची दोन वाक्यं वेगळी रेकॉर्ड करून भावाला जोडायला सांग. रेकॉर्डिंग आदल्या दिवशीच उरक. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. त्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून वाचू नकोस. तू आईशेजारी बस, तिचा हात हातात घेऊन.